फरमेंटरच्या आत आवाज हरवतो

साखर कारखान्याला जोडलेल्या डिस्टिलरीत उंच, बंद, गोल टाक्यांची एक रांग असते. त्या टाक्यांना फरमेंटर म्हणतात. मळीत पाणी घालून ती पातळ करतात, तिच्यात यीस्ट सोडतात आणि पुढे दिवसभर, कधी त्याहून थोडा जास्त वेळ, साखरेचा अल्कोहोल होत राहतो. या आंबणाऱ्या द्रवाला कामगार ‘वॉश’ म्हणतात. कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरला या टाकीबद्दल सतत एक आकडा हवा असतो: आत वॉश किती उंचीपर्यंत आला आहे? पंप कधी थांबवायचा, पुढची टाकी कधी भरायला घ्यायची, हे त्या आकड्यावर ठरते. पाण्याच्या टाकीत ज्या यंत्राने हा आकडा वर्षानुवर्षे बिनचूक दिला, तेच यंत्र फरमेंटरवर बसवले की काही तासांत खोटे बोलू लागते. यंत्र मात्र बिघडलेले नसते.

ते यंत्र म्हणजे अल्ट्रासॉनिक ट्रान्समीटर. टाकीच्या छतावर बसून तो माणसाला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो, द्रवाच्या पृष्ठभागावरून प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो, त्या वेळेला आवाजाच्या वेगाने गुणतो आणि निम्मे करतो. हे झाले छतापासून द्रवापर्यंतचे अंतर. टाकीच्या उंचीतून ते वजा केले की लेव्हल मिळते. रडारवरचा ट्रान्समीटरही हाच हिशेब करतो, फक्त आवाजाऐवजी तो रेडिओलहरी सोडतो. वरून पाहिले तर दोघे भाऊ वाटतात, आणि माहितीपत्रकातल्या चित्रांत दोघांच्याही खाली सारखेच निळे, निश्चल पाणी असते. असे पाणी असलेली टाकी मोजायला खरे तर दोन्हीपैकी काहीही चालेल. फरक पडतो तो यंत्र आणि द्रव यांच्यामधल्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत काय भरले आहे यावरून.

फरमेंटरमध्ये ती जागा रिकामी नसते. साखरेचा अल्कोहोल होताना जवळजवळ अल्कोहोलच्या वजनाइतकाच कार्बन डायऑक्साइड सुटतो. एक टाकी डोळ्यांसमोर आणू. छतावरच्या यंत्रापासून तळापर्यंत १० मीटर, व्यास ६ मीटर, आणि वॉश ७ मीटरपर्यंत भरलेला. म्हणजे सुमारे २०० घनमीटर वॉश आणि त्यावर ३ मीटर उंचीची, सुमारे ८५ घनमीटरची मोकळी जागा. वॉशमध्ये शेवटी आठ टक्के अल्कोहोल झाला असे धरले, तर तेवढ्या वेळात १२ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ३२ अंश तापमानाला त्याचे आकारमान ६,८०० घनमीटर होते, म्हणजे वरची जागा ऐंशी वेळा भरून निघेल एवढे. सुरुवातीला तिथे असलेली हवा पहिल्या काही फेऱ्यांतच बाहेर ढकलली जाते. त्यानंतर यंत्राच्या पुढ्यात हवा नसतेच.

आवाजाला हे फार जाणवते. ३२ अंशांच्या हवेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३५१ मीटर असतो, तर त्याच तापमानाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सुमारे २७२ मीटर, कारण हा वायू हवेपेक्षा जड आहे. आता आपल्या टाकीचा हिशेब करू. जाऊन-येऊन ६ मीटर कापायला आवाजाला २२ मिलिसेकंद लागतात. पण यंत्राच्या पोटात वेग हवेचा आहे. ते २२ मिलिसेकंदांना ३५१ ने गुणते, निम्मे करते आणि सांगते की द्रव ३ मीटरवर नाही, ३.८७ मीटरवर आहे. पडद्यावर लेव्हल दिसते ६.१३ मीटर, टाकीत असते ७. सत्त्याऐंशी सेंटिमीटरची चूक, म्हणजे या टाकीत जवळजवळ २५ हजार लिटर. शिवाय ती नेमकी धोक्याच्या बाजूला होते: टाकी आहे त्यापेक्षा रिकामी दिसते आणि ऑपरेटर पंप चालू ठेवतो.

यावर पहिला प्रश्न येतो तो असा, की यंत्रात तापमानाची दुरुस्ती असते ना? असते. पण ती तापमानाचीच असते. यंत्राच्या टोकातला छोटा तापमापक वायू किती गरम आहे ते सांगतो, वायू कोणता आहे ते सांगत नाही. मग वेगाचा आकडा हाताने २७२ करून टाकला तर? आंबण ऐन भरात असताना उत्तर बरे येईल. पण टाकी रिकामी करून, धुऊन पुन्हा भरायला घेतली की आत परत हवा असते आणि तोच आकडा उलट बाजूने चुकतो. मधल्या तासांत हवा आणि वायू यांचे मिश्रण असते, तेही खाली दाट आणि वर विरळ. त्यातच चूक अंतराच्या प्रमाणात वाढते: द्रव एक मीटरवर असताना २९ सेंटिमीटर, पाच मीटरवर असताना जवळजवळ दीड मीटर. म्हणून एकच दुरुस्ती घालून ती कायमची मिटवता येत नाही.

प्रत्यक्षात पुष्कळदा इतका हिशेब करण्याची वेळच येत नाही, कारण प्रतिध्वनी परत येत नाही. कार्बन डायऑक्साइड आवाज गिळतो. १९२५ साली हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन पिअर्स यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकांनी उच्च वारंवारतेचे ध्वनी निर्माण करून वायूंतला त्यांचा वेग मोजला. तेव्हा कार्बन डायऑक्साइडमध्ये त्यांना विचित्र गोष्ट आढळली: आवाजाचा वेग वारंवारतेप्रमाणे बदलत होता आणि काही वारंवारतांना तो वायू जवळजवळ अपारदर्शक ठरत होता. कारण पुढे उलगडले. या वायूचा रेणू ध्वनीलहरीतली ऊर्जा स्वतःच्या अंतर्गत कंपनात घेतो आणि ती परत करायला उशीर लावतो, त्यामुळे लहर विरत जाते. वातावरणीय दाबाला हे शोषण काही दहा किलोहर्ट्झच्या पट्ट्यात जोरदार असते, आणि बहुतेक अल्ट्रासॉनिक लेव्हल ट्रान्समीटर नेमके त्याच पट्ट्यात काम करतात. वायूतल्या ओलाव्याने हा पट्टा सरकतो, पण सुटका होत नाही.

प्रतिध्वनी हरवला की अनेक यंत्रे शेवटचा आकडा काही वेळ धरून ठेवतात. ही सोय पाण्याच्या टाकीत चांगली आहे, एखादा प्रतिध्वनी चुकला म्हणून अलार्म वाजत नाही. फरमेंटरवर तीच घातक ठरते. ओळखायची खूण साधी आहे: पंप चालू आहे, प्रवाहमापक पाणी जाताना दाखवतो आहे आणि लेव्हलचा आलेख मात्र सरळ आडवी रेघ झाला आहे. खऱ्या टाकीत इतकी सरळ रेघ कधी येत नाही. अशा वेळी झाकण उघडून टेप सोडून पाहावे असा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. आतल्या हवेऐवजी आलेला वायू जड असतो, त्याला वास नसतो, आणि श्वासात तो दहा टक्के गेला तरी माणूस मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. फरमेंटरवर यंत्र भरवशाचे हवे ते यासाठीही.

आता त्याच जागी रडार ठेवू. रेडिओलहरी पुढे जायला वायूवर अवलंबून नसतात, त्या निर्वातातूनही जातात. वायूमुळे त्यांचा वेग किंचित कमी होतो, पण हवेऐवजी पूर्ण कार्बन डायऑक्साइड आला तरी आपल्या ३ मीटरच्या अंतरात फरक पडतो अर्धा मिलिमीटर. सत्त्याऐंशी सेंटिमीटरच्या शेजारी हा आकडा ठेवला की वायू आणि वाफेच्या बाबतीत वाद उरत नाही. (उच्च दाबाचा बॉयलर हा अपवाद. तिथली दाट वाफ रडारलाही चांगलीच मंदावते, आणि तिच्यासाठी वेगळी दुरुस्ती लागते.)

धान्यापासून इथेनॉल करणाऱ्या प्लांटमध्ये याचीच उलटी बाजू पाहायला मिळते. मका किंवा तांदळाच्या पिठाची लापशी एका टाकीत ८५ अंशांच्या आसपास ढवळत ठेवतात, म्हणजे एन्झाइम स्टार्च पातळ करतात. इथे वरच्या जागेत पाण्याची वाफ असते. पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी, म्हणून तिच्यात आवाज जास्त वेगाने पळतो. ८५ अंशांची कोरडी हवा धरली तर वेग ३७९ मीटर, पण तीच हवा वाफेने पूर्ण भरलेली असेल तर ४२० च्या घरात. द्रव ४ मीटरवर असताना यंत्र सांगणार ३.६ मीटर. टाकी आहे त्यापेक्षा ४० सेंटिमीटर भरलेली दिसते. एकाच आवारात, एकाच बनावटीची दोन यंत्रे, एक कमी सांगते आणि एक जास्त. शिवाय वाफ यंत्राच्या तोंडावर थंड होऊन थेंब धरते आणि थेंबांचा थर आवाजाला तिथेच अडवतो.

इथवर रडारचा विजय सोपा आहे. अनेक खरेदीच्या फायली इथेच बंद होतात: ‘रडार घ्या.’ पण फरमेंटरमध्ये फेस असतो, आणि लापशीच्या टाकीत अ‍ॅजिटेटर म्हणजे ढवळणारे पाते असते. या दोघांच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत.

आधी फेस. गाद्यांच्या दुकानात बोललेला शब्द जसा आतच मुरतो, तसा आवाज फेसाच्या हजारो पडद्यांत मुरतो, त्यामुळे अल्ट्रासॉनिकचा प्रश्नच मिटला. रडारचे उत्तर मात्र ‘फेसावर अवलंबून’ असे आहे. बिअरच्या ग्लासवर राहतो तसा कोरडा, मोठ्या बुडबुड्यांचा फेस मुख्यतः हवाच असतो, त्यातून रेडिओलहर आरपार जाते आणि खालच्या द्रवावरून परतते. पण मळीच्या वॉशचा फेस ओला असतो, बारीक बुडबुड्यांचा असतो आणि मळीतल्या क्षारांमुळे वीजवाहकही असतो. असा फेस लहर शोषतो, किंवा वरच्या थरावरूनच परत पाठवतो.

किती शोषतो हे लहरीच्या लांबीवर ठरते. आजकालचे लोकप्रिय रडार ८० गिगाहर्ट्झचे असतात, त्यांची लहर चार मिलिमीटरहूनही आखूड. बुडबुड्यांच्या मापाच्या जवळची ही लहर फेसात जास्त अडकते. २६ गिगाहर्ट्झची लहर साडेअकरा मिलिमीटरची, ६ गिगाहर्ट्झची पाच सेंटिमीटरची. लहर जितकी लांब तितका तिला फेस कमी जाणवतो. सर्वांत चांगले काम करते ते गाइडेड वेव्ह रडार. त्यात लहर मोकळ्या जागेत सोडत नाहीत, छतापासून तळापर्यंत लोंबणाऱ्या स्टीलच्या सळईवरून किंवा तारेवरून खाली धाडतात. तिची वारंवारता त्याहून खूप कमी असते, म्हणून ती फेसाचा थर सहसा पार करते.

मग लांब लहरच घ्यावी ना? इथे अ‍ॅजिटेटर आडवा येतो. अँटेनाचे माप तेच ठेवले तर लहर जितकी लांब तितका झोत रुंद. ८० मिलिमीटर व्यासाच्या अँटेनातून ८० गिगाहर्ट्झचा झोत तीन अंशांच्या आसपास पसरतो, २६ गिगाहर्ट्झचा दहा अंशांच्या आसपास. सहा मीटर खाली पहिल्याचा ठिपका सुमारे ३० सेंटिमीटरचा असतो, दुसऱ्याचा एक मीटरहून मोठा. मधोमध उभा दांडा, त्यावर फिरती पाती, भिंतीला लागून अडथळापट्ट्या आणि शिडी अशा गर्दीत ३० सेंटिमीटरचा झोत एखाद्या मोकळ्या फटीतून खाली नेता येतो, मीटरभराचा नेता येत नाही. आणि गाइडेड वेव्हची सळई? ती अ‍ॅजिटेटरच्या टाकीत टाकली तर प्रवाह तिला वाकवतो, तार असेल तर पात्यात गुंडाळतो. ती बाजूच्या वेगळ्या नळीत बसवता येते, पण मळीचा गाळ किंवा लापशी त्या नळीत बसून घट्ट होते.

अ‍ॅजिटेटरची एक खोडी तर मला फार बोलकी वाटते. रडार बसवताना तंत्रज्ञ रिकाम्या टाकीत शिडी, पाइप यांचे प्रतिध्वनी यंत्राला ‘ओळखून’ देतात, म्हणजे पुढे यंत्र ते सोडून देते. स्थिर वस्तूंसाठी हे ठीक. फिरते पाते मात्र झोताखाली कधी असते, कधी नसते. ते फिरत असताना यंत्र सरासरी काढून त्याला विसरते. पण अ‍ॅजिटेटर थांबला आणि पाते नेमके झोताखाली येऊन उभे राहिले, तर द्रव त्याच्या खाली उतरल्यावर पडद्यावरची लेव्हल पात्याच्या उंचीला चिकटून बसते. टाकी रिकामी होत जाते आणि यंत्र म्हणते, आहे की अजून दोन मीटर. पंप कोरडा पळतो. शंका आली तर अ‍ॅजिटेटर कंट्रोलवरून क्षणभर फिरवून पाहावा: आकडा धाडकन खाली आला तर चोर सापडला. ओळखीची ही प्रक्रिया म्हणूनच टाकी रिकामी असताना, अ‍ॅजिटेटर चालू ठेवून करायची असते. थांबलेल्या पात्याचे चित्र यंत्राच्या मनात कोरले गेले, तर त्या उंचीवर आलेला खरा द्रवही ते दुर्लक्षित करू शकते. अर्थात, कोरडा अ‍ॅजिटेटर फिरवायला त्याच्या निर्मात्याची परवानगी आहे का, हे आधी पाहावे लागते. काही सील कोरडे चालत नाहीत.

जागाही महत्त्वाची. यंत्र टाकीच्या मधोमध बसवू नये, कारण तिथे दांडा असतो, आणि ढवळताना द्रवाला खळगा पडतो. खळग्याच्या उतारावरून लहर तिरकी निघून जाते, परत येत नाही. भिंतीला चिकटवूनही बसवू नये, आणि वरून धार पडते तिच्या वर तर नाहीच. मध्य आणि भिंत यांच्या साधारण निम्म्यावर, पाइपांपासून दूर, ही जागा बहुधा जमते. टाकी बनवणाऱ्याने छतावरचे तोंड आधीच मध्यावर वेल्ड केलेले असते, ही बाब वेगळी. अशा वेळी चुकीच्या जागी चांगले यंत्र बसवण्यापेक्षा नवीन तोंड कापायला लावणे स्वस्त पडते.

फेस जाड होतो आहे का, हे रडारच्या एको-कर्व्हवरून कळते. हा आलेख यंत्राच्या पडद्यावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर पाहता येतो. कोणत्या अंतरावरून किती जोराचा प्रतिध्वनी आला, ते त्यात उंचवट्यांच्या रूपात दिसते. शांत वॉशवर एकच उंच, टोकदार उंचवटा असतो. फेस वाढू लागला की तो ठेंगणा होतो, मग त्याच्या अलीकडे दुसरा, पसरट उंचवटा उगवतो. तो फेसाचा माथा. दोन्हीपैकी कोणता ‘लेव्हल’ म्हणून निवडायचा हे यंत्र ठरवते, आणि कधी या उडीवरून त्या उडीवर जाते. म्हणून एखाद्या शिफ्टमध्ये आकडा अर्ध्या-एक मीटरने वरखाली उड्या मारताना दिसला, तर यंत्र बदलण्याआधी फेसविरोधी तेलाचा डोस पाहावा. आपल्याकडच्या डिस्टिलऱ्यांत हे तेल बहुतेक वेळा टर्की रेड ऑइल असते आणि सगळे त्याला ‘टीआरओ’ म्हणतात.

इथे एक प्रश्न आधीच विचारायला हवा होता, पण तो सहसा शेवटी सुचतो: आपल्याला नेमके काय मोजायचे आहे? टाकी उतू जाणार का हे हवे असेल, तर फेसाचा माथा महत्त्वाचा, कारण आधी फेसच बाहेर येतो. वॉश किती आहे हे हवे असेल, तर फेसाखालचा द्रव महत्त्वाचा. एका आकड्यात या दोन्ही गोष्टी मागितल्या की कोणतेच यंत्र समाधान करत नाही. म्हणून फेसाळ फरमेंटरवर काम विभागून देतात. छताजवळ एक विजेची कांडी लोंबवतात. फेस तिला टेकला की मंडल पूर्ण होते आणि टीआरओचा पंप सुरू होतो. द्रवासाठी तळाशी दाब मोजणारा ट्रान्समीटर लावतात. फेसाला वजन जवळजवळ नसते, त्यामुळे तळाच्या दाबाला तो कळतच नाही. अ‍ॅजिटेटर, वाफ, वायू यांच्याशीही तळाला फारसे घेणेदेणे नसते. बंद टाकीत वायूचा दाब असतो, म्हणून वरचा दाब वजा करावा लागतो, एवढेच.

पण तळही फुकट काही देत नाही. दाबावरून उंची काढायला द्रवाची घनता माहीत लागते, आणि आंबताना साखर संपून अल्कोहोल वाढतो तशी ती उतरते. समजा सुरुवातीला विशिष्ट गुरुत्व १.०९ होते आणि शेवटी १.०४ झाले. यंत्रात पहिला आकडा कायम ठेवला, तर ७ मीटर वॉश शेवटी ६.६८ मीटर दिसेल, थेंबही कमी न होता. त्यात आंबण जोरात असताना द्रवातच वायूचे बुडबुडे असतात, त्यामुळे पृष्ठभाग थोडा उचललेला असतो. रडार उचललेली उंची सांगते, तळ वजन सांगतो. दोघांत तफावत दिसली म्हणजे एक यंत्र खोटे असे समजून कोणी एकाला ‘कॅलिब्रेट’ करून दुसऱ्याशी जुळवतो, आणि चांगली माहिती घालवून बसतो. तफावत किती आहे यावरून आंबण किती जोरात आहे याचा अंदाज घेता येतो.

मळीच्या फरमेंटरमध्ये बऱ्याच ठिकाणी अ‍ॅजिटेटर नसतोच. वॉश पंपाने बाहेर काढून थंड करून परत सोडतात आणि त्याच प्रवाहाने तो ढवळला जातो. अशा टाकीवर झोत अरुंद असण्याची सक्ती नाही. तिथे २६ गिगाहर्ट्झचे रडार आणि तळाचा दाब ही जोडी मी निवडेन. धान्याच्या लापशीच्या टाकीत फेस कमी, वाफ आणि पाती जास्त. तिथे ८० गिगाहर्ट्झ, मधल्या जागी, अँटेना टाकीच्या छताच्या तोंडातून थोडी खाली डोकावेल अशी. तिच्यावर लापशी उडून चिकटली तरी एको-कर्व्हवर यंत्राच्या अगदी जवळचा उंचवटा फुगलेला दिसतो, मग ती पुसायची वेळ झाली हे कळते.

आणि अल्ट्रासॉनिक? त्याच आवारात, कुंपणाकडे, सांडपाण्याच्या उघड्या चॅनेलवर तो निवांत काम करत असतो. वर मोकळी हवा, खाली पाणी, मध्ये कोणताही वायू कोंडलेला नाही. फक्त त्याच्या तोंडापासून पहिले पाव मीटर, काही बनावटींत त्याहून जास्त, तो आंधळा असतो, कारण आवाज सोडल्यावर त्याचा पडदा अजून थरथरत असतो आणि तेवढ्यात आलेला प्रतिध्वनी त्याला ऐकू येत नाही. पाऊसकाळात पाणी त्या पट्ट्यात चढणार नाही एवढ्या उंचीवर तो लावला, आणि दुपारचे ऊन त्याच्या तापमापकाला खोटे सांगू नये म्हणून वर पत्र्याची छोटी छत्री दिली, की झाले.